फोटोतली पदावली, कॅल्क्युलेटरशिवाय: फोटो क्र. १४ च्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, राजारामपुरी, कोल्हापूर

नववी-दहावीची मुलं वहीतल्या न सुटलेल्या उदाहरणांचे फोटो पाठवतात. ती हाताने सोडवून पायऱ्यांसह उत्तरवही करायची, असं हे काम आहे. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आम्हीही तो वापरत नाही. आज फोटो क्र. १४ घेतला. करणी, घातांक आणि आवर्ती दशांश एकाच ओळीत आहेत, आणि तिन्हींमध्ये फोटो वाचताना चुकायला जागा आहे.

पहिल्या वाचनात पदावली अशी दिसली:

```
(०.(२९६))^(−२/३) + (√७५ − √१२)/(√१२ + ३) + ०.१(६) × √९७२
```

टाइप करताना आवर्ती गट आम्ही कंसात लिहितो. वहीत त्या गटाच्या डोक्यावर रेघ आहे. म्हणजे ०.(२९६) हे ०.२९६२९६२९६… आणि ०.१(६) हे ०.१६६६६…

सोडवायला बसण्याआधी फोटोतल्या चार जागांवर पेन्सिलीने गोल केले. पहिली जागा २९६ वरची रेघ: ती तिन्ही अंकांवर आहे की फक्त शेवटच्या दोनांवर? दुसरी, त्याच संख्येतला मधला अंक: तो ९ आहे की १? तिसरी, छेदातल्या √१२ ची आडवी रेघ: ती २ पाशी थांबते की पुढच्या ‘+ ३’ वरूनही जाते? चौथी, घातांकातलं वजाचं चिन्ह. पानाची घडी नेमकी तिथूनच गेली आहे आणि घडीची सावलीही वजासारखीच दिसते.

१३ जुलै

आज फक्त ०.(२९६).

वही एकेरी रेघांची आहे आणि पेन निळं. छापील रेघही फिकट निळी, त्यामुळे अंकांच्या डोक्यावरची हाताने काढलेली रेघ आणि छापील रेघ एकमेकींत मिसळल्या आहेत. फोटो मोठा करून पाहिल्यावर दोन गोष्टींनी फरक कळला. छापील रेघ पानभर सारख्या जाडीची जाते. हाताची रेघ २ च्या डाव्या कडेपाशी सुरू होते, उजवीकडे किंचित वर चढते आणि ६ च्या थोडी पुढे जाऊन संपते. पेन उचललं तिथे शाईचा बारीक ठिपकाही आहे. म्हणजे रेघ तिन्ही अंकांवर आहे.

मधल्या अंकाचा प्रश्न जास्त अवघड गेला. देवनागरी १ आणि ९ घाईत लिहिले की जवळजवळ सारखेच दिसतात. वळण कुठल्या बाजूला आहे आणि शेपूट कुठून निघते, एवढाच फरक राहतो, आणि फोटो दबला की तोही पुसट होतो. आमच्यापैकी एकाने हा अंक १ धरून २१६ वाचला आणि त्याला आनंदच झाला, कारण २१६ म्हणजे ६ चा घन आणि घातांकाच्या छेदात ३ आहेच. पण घनमूळ अंशाचं निघून भागत नाही, छेदाचंही निघावं लागतं. ०.(२१६) = २१६/९९९, आणि अंश-छेदाला २७ ने भागलं की ८/३७ उरतात. ३७ चं घनमूळ पूर्णांकात निघत नाही. म्हणजे जो घन डोळ्यांना दिसला तो अतिसंक्षिप्त रूप घेतल्यावर टिकला नाही.

आता २९६ धरून:

```
क्ष      = ०.२९६२९६…
१०००क्ष  = २९६.२९६२९६…
९९९क्ष   = २९६
क्ष      = २९६/९९९
```

आवर्ती गट तीन अंकांचा, म्हणून १००० ने गुणलं. गट नेमका एकदा पुढे सरकतो, दशांशचिन्हामागची शेपटी जशीच्या तशी राहते आणि वजाबाकीत नाहीशी होते.

पुष्कळ मुलं इथेच थांबतात. २९६ सम, ९९९ विषम, म्हणून २ ने भाग जात नाही. २९६ च्या अंकांची बेरीज १७, म्हणून ३ नेही नाही. मग ‘हा अपूर्णांक संक्षिप्त होत नाही’ असं लिहून मोकळी होतात. अवयव दिसत नसतील तर भागाकार पद्धतीने मसावि काढावा:

```
९९९ = ३ × २९६ + १११
२९६ = २ × १११ + ७४
१११ = १ × ७४ + ३७
७४  = २ × ३७ + ०
```

मसावि ३७. २९६ ÷ ३७ = ८ आणि ९९९ ÷ ३७ = २७. म्हणजे ०.(२९६) = ८/२७. ९९९ = २७ × ३७ हे पाढ्यासारखं पाठ असावं, असं आमचं ठाम मत आहे. तीन अंकी आवर्ती गट आला की हे ३७ बहुतेक वेळा कुठेतरी लपलेले असतात.

रेघ फक्त ९६ वर धरली तर (२९६ − २)/९९० = २९४/९९० = ४९/१६५ येतं, आणि फक्त ६ वर धरली तर (२९६ − २९)/९०० = ८९/३००. दोन्हींचं घनमूळ सुटसुटीत निघत नाही. २९६ हे वाचन आकड्यांनाही पटतं आणि शाईलाही.

१५ जुलै

घातांक. पाया ८/२७, घातांक −२/३.

आम्ही क्रम असा ठरवला आहे: आधी वजाचा निकाल लावायचा, मग घातांकाच्या छेदाचं मूळ काढायचं, शेवटी अंशाचा घात करायचा.

```
(८/२७)^(−२/३) = (२७/८)^(२/३) = (३/२)^२ = ९/४
```

आधी वर्ग करून मग घनमूळ काढलं तरी उत्तर तेच, पण वाटेत ७२९/६४ येतात. ७२९ हा ९ चा घन आणि ६४ हा ४ चा घन हे लगेच आठवलं तर ठीक. आकडे याहून मोठे असते तर हात अडकला असता. मूळ आधी काढलं की आकडे लहान राहतात.

मुलांच्या वह्यांत इथे दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे उत्तर −४/९ लिहिणं. घातांकातलं वजा उत्तराला लागत नाही, ते पायाचा व्यस्त घ्यायला सांगतं. दुसरी म्हणजे ८/२७ ला −२/३ ने गुणणं. फोटोत घातांक खाली सरकून पायाच्या ओळीत आलेला दिसला की ही चूक हमखास होते. पडताळा सोपा आहे. पाया धन आणि १ पेक्षा लहान, घातांक ऋण, म्हणजे उत्तर १ पेक्षा मोठंच हवं. ९/४ त्यात बसतं. −४/९ बसत नाही.

हा पडताळा हिशेबाची चूक पकडतो, वाचनाची नाही. फोटोत वजा खरंच नसेल आणि ती घडीची सावली असेल, तर (८/२७)^(२/३) = ४/९, आणि हेही उत्तर तितकंच सुबक आहे. आकड्यांवरून हा निर्णय होत नाही, म्हणून चौथा गोल तसाच ठेवला.

१६ जुलै

मधलं पद. सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला.

अंशात √७५ − √१२ आहे. ७५ = २५ × ३, म्हणून √७५ = ५√३. १२ = ४ × ३, म्हणून √१२ = २√३. दोन्ही सरूप करणी, म्हणून वजाबाकी ३√३. सरूप होईपर्यंत करण्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. √७५ − √१२ = √६३ असं लिहिलेलं सापडतं. √६३ जवळजवळ ८ आहे, कारण ८ चा वर्ग ६४. आणि √७५ ही ९ पेक्षा लहान, √१२ ही ३ पेक्षा मोठी, म्हणजे फरक ६ पेक्षा लहानच हवा. एवढ्या तोंडी हिशेबाने √६३ बाद होते.

दुसरी चूक: अंशातली √१२ आणि छेदातली √१२ एकमेकींत छाटून टाकणं. छाटता येतो तो गुणक. इथे दोन्हीकडे √१२ हे बेरीज-वजाबाकीतलं पद आहे.

आता तिसरा गोल. छेद √१२ + ३ आहे की √(१२ + ३), म्हणजे √१५? आडवी रेघ + च्या डोक्याजवळ पुसट होते आणि तिथेच पानामागची शाई उमटली आहे. √१५ धरलं तर:

```
३√३/√१५ = ३/√५ = ३√५/५
```

हे चुकीचं दिसत नाही. छेदाचं परिमेयीकरण होतं, पायऱ्या सरळ जातात. फक्त शेवटी √५ एकटी उरते आणि बाकीच्या √३ मध्ये मिसळत नाही. पण पदावली रचणाऱ्याने सगळं मिसळेल असंच रचलं असेल, असं कुठे आहे? म्हणून निर्णय अक्षरावर सोपवला. याच मुलीच्या हातच्या √७५, अंशातली √१२ आणि √९७२ या तिन्ही करण्यांची आडवी रेघ शेवटी खाली वळून छोटा आकडा करते, गळाच्या टोकासारखा. छेदातल्या √१२ वर तो आकडा २ आणि + यांच्या मधल्या फटीत दिसतो. रेघ तिथेच संपते. तिच्यापुढे पुसट दिसतं ते मागच्या पानावरून उमटलेलं. छेद √१२ + ३.

```
३√३/(२√३ + ३) = ३√३(२√३ − ३)/((२√३)^२ − ३^२)
               = (१८ − ९√३)/(१२ − ९)
               = ६ − ३√३
```

छेदाला त्याच्या अनुबद्ध जोडीतल्या दुसऱ्या राशीने, म्हणजे २√३ − ३ ने गुणलं. इथली ठरलेली चूक (२√३)^२ मध्ये होते. २ चा वर्ग करायचा राहतो आणि १२ ऐवजी ६ लिहिले जातात. मग छेद ६ − ९ = −३ होतो आणि उत्तर येतं ३√३ − ६. अंक तेच, चिन्हं उलटी, म्हणून चूक डोळ्यांना टोचत नाही. अंदाज घेतला की पकडता येते: √३ ≈ १.७३२, म्हणून ३√३ ≈ ५.१९६, आणि ३√३ − ६ ऋण. मूळ अपूर्णांकाचा अंश धन, छेद धन, मग उत्तर ऋण कसं येईल?

छोटी वाटही आहे आणि आम्हाला तीच जास्त आवडते. छेदातले ३ म्हणजे √३ × √३. मग २√३ + ३ = √३(२ + √३). वरखाली √३ गेली की ३/(२ + √३) उरतं. २ − √३ ने गुणलं की छेद ४ − ३ = १, आणि उत्तर ३(२ − √३) = ६ − ३√३. वर्ग करताना चुकायला जागाच उरत नाही. उत्तरवहीत दोन्ही रीती द्यायच्या, ही आधी.

१७ जुलै

तिसरं पद: ०.१(६) × √९७२. इथे वाचनाची अडचण कमी आहे. ६ वरची रेघ आखूड असली तरी छापील रेघेपासून सुटी आहे.

एकच अंक आवर्ती आहे आणि त्याआधी एक अंक आवर्ती नाही. शेपट्या जुळाव्यात म्हणून एकदा १० ने आणि एकदा १०० ने गुणायचं:

```
१००क्ष = १६.६६६…
१०क्ष  = १.६६६…
९०क्ष  = १५
क्ष    = १५/९० = १/६
```

वह्यांत दिसणाऱ्या चुका: १६/९९ (रेघ दोन्ही अंकांवर धरली) आणि १६/९० (आवर्ती नसलेला १ वजा करायचा राहिला). एका मुलाने १००क्ष मधून क्ष वजा करून ९९क्ष = १६.५ लिहिलं होतं, त्याला चूक म्हणून खूण झाली होती. ती खूण काढली. १६.६६६… − ०.१६६६… = १६.५ हे बरोबर आहे आणि १६.५/९९ = १/६ च येतं. दशांश शिल्लक राहतो एवढंच.

९७२ चे मूळ अवयव २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × ३. जोड्या लावल्या: एक दोनांची, दोन तीनांच्या, आणि एक ३ एकटा. म्हणून √९७२ = २ × ३ × ३ × √३ = १८√३. सहावा भाग ३√३.

१९ जुलै

आठवड्याची बैठक. फोटो पाठवणारी मुलगीही आली होती. वही मात्र मैत्रिणीकडे होती, त्यामुळे चौथा गोल तसाच. घातांकात वजा धरून एकत्र मांडणी केली:

```
९/४ + (६ − ३√३) + ३√३ = ९/४ + ६ = ३३/४
```

करणी पूर्ण गेली आणि परिमेय संख्या उरली.

मुलगी म्हणाली, “सर, एवढं सुबक उत्तर आलं म्हणजे बरोबरच की!” तिला फळ्यावर घातांकातलं वजा पुसून पुन्हा करायला सांगितलं. ४/९ + ६ = ५८/९ आलं. हेही परिमेय, यातही करणी नाही. ती बराच वेळ दोन्ही उत्तरांकडे बघत राहिली, मग म्हणाली, “मग वहीच बघायला लागणार.”

तेच खरं. करण्या एकमेकींत जाणं हे मधल्या आणि शेवटच्या पदाचं काम आहे, त्यामुळे त्या दोन पदांचं वाचन बरोबर असल्याचा तो चांगला पुरावा आहे. घातांकाच्या पदात करणी उरतच नाही, म्हणून त्याच्याबद्दल उत्तर काहीच सांगत नाही. उत्तरवहीत हे वाक्य असंच घालायचं ठरलं.

२० जुलै

दुसरा फोटो आला. यावेळी सूचना दिल्या होत्या: पान खिडकीपाशी सपाट ठेवायचं, घडीवर पट्टी दाबायची, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर, पानामागे कोरा कागद, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि सगळ्यात आधी मरतात त्या बारीक रेघा, म्हणजे नेमकी वजाची चिन्हं आणि आवर्ती रेघा.

घडी उलगडल्यावर सावली गेली आणि वजा तिथेच राहिलं, शाईचं, २ च्या डावीकडे. चौथा गोल मिटला. उत्तर ३३/४.

शेवटचा पडताळा अंदाजाने, मूळ पदावलीवरूनच: √७५ ≈ ८.६६, √१२ ≈ ३.४६, म्हणून मधलं पद ५.२०/६.४६, साधारण ०.८. √९७२ ही ३१ (वर्ग ९६१) आणि ३२ (वर्ग १०२४) यांच्या मध्ये, ३१ च्या जवळ, म्हणून सहावा भाग साधारण ५.२. पहिलं पद २.२५. बेरीज ८.२५, म्हणजे ३३/४. हा पडताळा सोप्या रूपावरून केला तर उपयोग नाही, कारण सोपं करतानाची चूक त्यातही तशीच येते.

२३ जुलै

फोटो क्र. १५ उघडला. पदावलीच्या मध्यावर वर्गमुळात ०.४ आहे. ४ वर आवर्ती रेघ आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही, कारण करणीची आडवी रेघ तिच्या अगदी वर आहे आणि दोन समांतर रेघा फोटोत एक झाल्या आहेत. रेघ असेल तर √(४/९) = २/३. नसेल तर √(२/५) = √१०/५. पहिली किंमत ०.६६७ च्या आसपास, दुसरी ०.६३२ च्या. दोन्ही इतक्या जवळ आहेत की अंदाजाचा पडताळा इथे फारसा कामाचा नाही. पुढच्या पदांत √१० कुठेच नाही, त्यामुळे कल २/३ कडे जातो. पण फोटो १४ मधल्या घातांकानंतर नुसत्या कलावर उत्तर लिहायचं नाही, असं ठरलं आहे.

मुलांसाठीच्या सूचनांत एक भर घातली: वर्गमुळाच्या आत एकच अंक आवर्ती असेल तर रेघेऐवजी त्याच्या डोक्यावर ठळक टिंब द्यावं आणि करणीची रेघ त्यापासून अर्धा सेंटिमीटर वर काढावी. क्र. १५ चं पान पुन्हा मागवलं आहे.